उंच खांब म्हणजे चांगलं नेट नव्हे: छतावरची अँटेना, तिची केबल आणि आकाशातली वीज



गेल्या ऑक्टोबरातली ती संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. पाऊस अजून आलाही नव्हता, नुसता डोंगराकडे गडगडाट चालला होता. एक लख्ख वीज चमकली, मोठा आवाज झाला आणि सोसायटीच्या कार्यालयातला राउटर, अँटेनेचा अडॅप्टर आणि कॉम्प्युटर, तिन्ही एकदम गेले. वीज आपल्या छतावर पडली नव्हती, पलीकडच्या माडावर पडली होती. तरीही आपलं सामान जळलं. दुसऱ्या दिवशी हवामानाचा इशारा फोनवर विचारत बसावं लागलं आणि डिझेल सवलतीचे अर्ज पुन्हा हाताने भरावे लागले.

त्याआधीही त्या नेटबद्दल तक्रारी होत्याच. "भरती लागली की नेट गचके खातं" असं कोणी म्हटलं की आम्हीच हसायचो. नंतर कळलं की म्हणणारे बरोबर होते.

यंदा मार्च-एप्रिलमध्ये आम्ही सगळं उतरवलं आणि पुन्हा बसवलं. आता गावात पंधरा-वीस घरांवर अशा अँटेना येऊ घातल्या आहेत. १ जूनपासून मासेमारी बंदी, म्हणजे होड्या वर आणि माणसं घरी. बरेच जण त्या दिवसांत हे काम काढतील. आमचं म्हणणं, ते त्याआधी मे महिन्यातच उरका. का, ते पुढे येईलच. आमच्या हातून काय चुकलं आणि कसं सुधारलं, ते क्रमाने सांगतो.

आधी आपली जागा समजून घ्या

आपल्याकडे नेट येतं ते खाडीपलीकडच्या टेकडीवरच्या टॉवरवरून. सरळ रेषेत अंतर ३.२ किलोमीटर. टॉवरवरची अँटेना पाण्यापासून साधारण ९० मीटर उंच. आपल्या कार्यालयाचा स्लॅब पाण्यापासून साडेसहा मीटरवर, त्यावर पहिल्यांदा साडेतीन मीटरचा खांब उभा केला होता. म्हणजे आपली अँटेना पाण्यापासून १० मीटरवर होती. बसवणाऱ्या मुलाने सांगितलं, "जेवढं उंच तेवढं चांगलं." आम्हालाही ते पटलं.

ही अँटेना म्हणजे छोटी थाळी, मागे तिचा रेडिओ. ५ गिगाहर्ट्झवर चालते. तिला टॉवर "दिसला" पाहिजे, पण नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही. लहर सुतासारखी बारीक रेषेत जात नाही, मधे फुगून जाते, दोन्ही टोकांना निमुळती होते. आपल्या अंतराला अगदी मध्यावर ती चहूबाजूंनी साडेसहा मीटर पसरते. आपल्यापासून ६० मीटरवर असलेल्या माडापाशी ती पावणेदोन मीटर पसरते. ती सगळीच मोकळी असायला हवी असं नाही, पण निदान अर्ध्याहून थोडी जास्त तरी मोकळी लागते. म्हणजे त्या माडाची झावळ दृष्टिरेषेपासून एक मीटर तरी लांब हवी. आमची अर्ध्या मीटरवर होती. मे महिन्यात वारा नव्हता, झावळ सुकी होती, तेव्हा काही जाणवलं नाही. जूनमध्ये ओली झावळ डोलायला लागली आणि नेट तिच्या तालावर. माड दरवर्षी वाढतो हेही लक्षात ठेवा. आज वरून रेषा जाते म्हणून खूश होऊ नका, चार वर्षांनी तोच माड आडवा येईल. जमलं तर माडाच्या बाजूने रेषा काढा, वरून नको.

अँटेना रोखणं: आधी आडवी, मग उभी

पहिल्यांदा आपली अँटेना चुकीच्या रोखाने घट्ट केली होती आणि तरीही नेट चालत होतं. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण गावात आणखी दोन घरांवर आम्हाला हीच चूक सापडली.

थाळीचा मुख्य झोत टॉर्चसारखा समोर पडतो. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे अंधुक झोतही असतात. अंधुक झोत टॉवरवर पडला तरी सिग्नल मिळतो, पण फार कमी. बसवणारा थाळी थोडी फिरवतो, आकडा वाढतो, मग कमी होतो. त्याला वाटतं, सापडलं. प्रत्यक्षात त्याला बाजूचा झोत सापडलेला असतो. आमचा आकडा होता उणे ७४.

हा आकडा वाचताना लोकांचा गोंधळ होतो. अँटेनेच्या स्क्रीनवर `Signal` असं लिहिलेलं असतं आणि पुढे उणे आकडा. उणे ५७ हा उणे ७४ पेक्षा चांगला. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. आपल्या अंतराला, तेवढ्या थाळीला उणे ५७-५८ च्या आसपास आकडा यायला हवा, हे हिशोबाने आधीच काढता येतं. नेट देणाऱ्याला विचारा, "आमच्या घरून किती आकडा अपेक्षित आहे?" तो आकडा कागदावर लिहून घ्या. अपेक्षेपेक्षा दहा-पंधराने वाईट आला तर रोख चुकलाय किंवा मधे काहीतरी आहे. "चालतंय ना" म्हणून सोडू नका.

रोखायला दोन माणसं लागतात. एक वर पाना घेऊन, दुसरा खाली स्क्रीनवर आकडा वाचून ओरडणारा. आम्ही असं केलं:

आधी होकायंत्राने टॉवरची दिशा घेतली. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नका, सुई फसते. तीन-चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या आणि त्या दिशेची एखादी खूण, झाड किंवा घर, मनात धरा.

मग थाळी त्या दिशेच्या पंधरा अंश डावीकडून पंधरा अंश उजवीकडे हळूहळू फिरवली. एका वेळी एक-दोन अंश, आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून. आकडा लगेच बदलत नाही, घाई केली की मागचाच आकडा वाचला जातो. असं फिरवताना आम्हाला तीन उंचवटे सापडले: उणे ७५, मग उणे ५८, मग पुन्हा उणे ७६. मधला खरा. पहिल्या वेळी बसवणारा पहिल्या उंचवट्यावरच थांबला होता.

मधला उंचवटा सपाट असतो, त्याचा नेमका मध्य डोळ्यांनी कळत नाही. त्याला सोपी युक्ती आहे. डावीकडे आकडा तीनने घसरेपर्यंत फिरवा, खांबावर खूण करा. उजवीकडे तसंच करा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे थाळी आणून ठेवा.

आता वर-खाली. इथे टेकडी बघून माणूस थाळी फार वर करतो. हिशोब बघा: टॉवर आपल्यापेक्षा ८० मीटर उंच, पण ३,२०० मीटर लांब. म्हणजे चाळीस पावलांत एक पाऊल चढ, दीड अंशही नाही. थाळी जवळजवळ सरळच राहते. आणि टीव्हीच्या थाळीशी तुलना करू नका. त्या थाळीचं तोंड जिकडे दिसतं त्यापेक्षा ती बरंच वर बघत असते, तिची घडणच तशी तिरकी. ही थाळी जिकडे तोंड तिकडेच बघते.

शेवटी नट एकदम एका बाजूचा आवळू नका. आलटून पालटून थोडे थोडे आवळा, नाहीतर आवळताना थाळी सरकते. आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघा. आमचा उणे ५७ आला.

भरतीचं कोडं

एवढं करूनही भरतीचे गचके गेले नाहीत. मग आम्ही एक पूर्ण दिवस दर अर्ध्या तासाने आकडा लिहिला, शेजारी पाण्याची वेळ. ओहोटीला आकडा उणे ५७ ला खिळलेला. पाणी चढायला लागलं की उणे ५५, मग उणे ६६, पुन्हा उणे ५६, असा वर-खाली. उधाणाच्या दिवशी जास्तच.

कारण आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे. रात्री पलीकडच्या जेटीवरचा दिवा आपल्याला दोनदा दिसतो, एकदा वर आणि एकदा पाण्यात. टॉवरची लहरही तशीच दोन वाटांनी येते. एक सरळ, एक पाण्यावर आपटून. दोन्ही एका तालात आल्या तर सिग्नल वाढतो, उलट्या तालात आल्या तर एकमेकींना मारतात. पाणी चढतं-उतरतं तसा आपटून येणाऱ्या लहरीचा रस्ता लांब-आखूड होतो आणि ताल बदलत राहतो. आमच्या उंचीच्या हिशोबाने ती लहर आपल्यापासून सुमारे ३०० मीटरवर आपटत होती. ओहोटीला नेमका तिथे दगड आणि चिखल उघडा पडतो, त्यावरून लहर विखुरते. म्हणून ओहोटीला त्रास नाही.

इलाज उंची वाढवण्यात नव्हता, उलट कमी करण्यात होता. समोर ३० मीटरवर आपला बर्फखाना आहे. खांब आम्ही स्लॅबवर मागच्या बाजूला घेतला आणि एक मीटर आखूड केला. आता अँटेनेची उंची बर्फखान्याच्या आढ्यापेक्षा फक्त फूटभर जास्त आहे. टॉवरकडून येणारी सरळ लहर किंचित वरून येते, ती आढ्यावरून एक मीटरने सुटते. पाण्यावरून येणारी लहर खालून वर येते, ती बर्फखान्यावर अडते. आता पूर्ण भरती-ओहोटीत आकडा उणे ५७ ते उणे ६० च्या मधेच राहतो.

खाडीकाठच्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी समोर असेल तर आपलंच अंगण, कुंपणाची भिंत किंवा पुढचं छप्पर खालची लहर अडवेल अशी जागा शोधा. ज्यांच्या घरापुढे पाणी नाही त्यांना हा प्रश्नच नाही.

केबल किती लांब, आणि कसली

खांब मागे गेला म्हणून केबल वाढली. मोजली ती अशी: खांबावरून ३ मीटर, स्लॅबवरून २०, भिंतीवरून खाली ५, आत टेबलापर्यंत १८, वळणं आणि हाताशी राहायला ६. एकूण ५२ मीटर. अशा केबलची मर्यादा १०० मीटर, आणि ती अँटेनेपासून राउटरपर्यंत एकूण. मधे अडॅप्टर आला म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. अडॅप्टर फक्त करंट देतो, सिग्नल ताजा करत नाही.

लांबीचा दुसरा परिणाम करंटवर होतो. त्याच केबलमधून अँटेनेला २४ व्होल्ट जातात. शुद्ध तांब्याच्या ५२ मीटर केबलमध्ये वाटेत दीड व्होल्टच्या आसपास गळतात, वर साडेबावीस पोचतात, पुरेसे आहेत. पण बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिच्यात गळती दीडपटीहून जास्त. केबल लांब असेल आणि टोकं खाऱ्या हवेने गंजलेली असतील तर अँटेना रात्री-अपरात्री आपोआप बंद-चालू व्हायला लागते. ओळखायचं कसं? तार ब्लेडने खरवडा. आत लाल निघाली तर तांबं, चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम आपल्या किनाऱ्यावर टोकाला पांढरी भुकटी होऊन संपतं.

पहिल्या वेळी आमची केबल दोन तुकड्यांची होती, जोड उघड्या स्लॅबवर, वर चिकटपट्टी. पहिल्याच पावसाळ्यात आत हिरवट गंज. अँटेनेचा आकडा चांगला पण नेट रडतंय, अशी गत असेल तर `LAN Speed` बघा. तिथे 100 च्या जागी 10 दिसलं तर दोष रोखण्यात नाही, केबलमध्ये किंवा तिच्या टोकात आहे. उगाच छतावर चढून थाळी हलवू नका.

आता बाहेरच्या वापराची, काळ्या वेष्टणाची, आत धातूची जाळी असलेली, शुद्ध तांब्याची केबल एकसंध टाकली आहे. घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, भोकातून आत येत नाही. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलंय. आणि एक करू नका: उरलेल्या तीस मीटर केबलचं वेटोळं करून छतावर टांगू नका. जवळ वीज पडली की असं वेटोळं धक्का ओढून घेतं. जास्त असेल तर कापा.

अर्थिंग: दोन होड्या आणि एक दोर

आता ऑक्टोबरच्या संध्याकाळची गोष्ट. तेव्हाही अँटेनेला अर्थिंग होतं बरं का. बसवणाऱ्याने खांबाला तार लावून मागच्या बाजूला जमिनीत एक सळई ठोकली होती. चूक काय? ती सळई कार्यालयाच्या लाईटच्या अर्थिंगला कुठेच जोडलेली नव्हती. एका घराला दोन वेगवेगळी अर्थिंग झाली.

दोन होड्या शेजारी उभ्या आहेत आणि मधे एकच बारीक दोर बांधलाय असं समजा. मोठी लाट आली आणि एकच होडी उचलली गेली तर दोर तुटणार. दोन्ही होड्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतील तर दोन्ही एकत्र चढतील, एकत्र उतरतील, दोराला ताणच नाही. जवळ वीज पडली की जमिनीतही तशी लाट येते. सळईतून हजार अँपियर गेले आणि सळईचा रोध दहा ओहम असेल, तर त्या क्षणी तिथे दहा हजार व्होल्ट चढतात. लाईटचं अर्थिंग थोड्या अंतरावर खालीच असतं. दोघांना जोडणारी गोष्ट एकच: अँटेनेपासून राउटरपर्यंत आलेली नेटची केबल. ताण तिच्यावर आला आणि टोकाचं सगळं सामान जळलं.

म्हणून यंदा पहिलं काम केलं ते दोन्ही अर्थिंग जोडण्याचं. खांबाच्या बुडापासून २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी भिंतीच्या बाहेरून सरळ खाली आणली. काटकोनात वळवली नाही, जिथे वळणं भाग होतं तिथे मोठा बाक दिला, कारण वीज तीक्ष्ण वळण मानत नाही, ती सरळ भिंतीत उडी मारते. खाली तीन मीटरचा जीआय पाइप पुरला आणि तिथून तीच पट्टी लाईटच्या मीटरजवळच्या अर्थिंगपर्यंत नेऊन जोडली. मीटरपाशी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतली, तिथे स्वतः हात घालू नका.

सगळं जीआयच का? तांबं आणि जस्त चढवलेलं लोखंड खाऱ्या हवेत एकमेकांना चिकटलं की दोन वर्षांत लोखंड खाल्लं जातं. वरून सांधा धड दिसतो, आतून सुटलेला असतो. एकच धातू ठेवला, बोल्टही जीआयचे, आणि सांध्यावर डांबरी रंग लावला.

पाइप कुठे पुरायचा यालाही महत्त्व आहे. पहिला पाइप आम्ही मागच्या चिऱ्याच्या जमिनीत पुरला. एप्रिलात मोजलं तर ४२ ओहम. जांभा कोरडा झाला की करंट घेत नाही. दुसरा खाडीच्या बाजूला ओलसर वाळूत पुरला, तिथे ९. दोन्ही पट्टीने जोडल्यावर साडेसात. दहाच्या आत असलेलं बरं. मोजणी पावसात करू नका. पावसात सगळंच चांगलं दिसतं, खरी परीक्षा मे महिन्यात. काम मेमध्ये उरका म्हणालो ते यासाठी. शिवाय महिनाअखेर गडगडाट सुरू झाला की छतावर लोखंडी पाइप घेऊन उभं राहण्यासारखा मूर्खपणा नाही. पण आकडा साडेसातवरून पाच करण्यापेक्षा दोन्ही अर्थिंग जोडलेली असणं जास्त मोलाचं, हे विसरू नका.

केबलच्या जाळीलाही जमिनीपर्यंत वाट हवी. ती वाट अडॅप्टरच्या तीन पिनी प्लगमधून जाते. अडॅप्टर दोन पिनी एक्स्टेन्शनवर लावला, किंवा बोर्डात अर्थची तारच नसली, तर जाळी अधांतरी राहते. आमच्या बोर्डात तेच निघालं, भोकं तीन पण तारा दोन. केबल भिंतीत शिरते तिथे एक सर्ज प्रोटेक्टर बसवलाय, आणि त्याची अर्थ तार अर्ध्या मीटरपेक्षा आखूड ठेवून पट्टीला जोडली आहे. ही तार लांब असली तर प्रोटेक्टरचा उपयोग संपतो.

हे काय वाचवेल, काय वाचवणार नाही

स्पष्टच सांगतो. जवळपास वीज पडली तर ही व्यवस्था बहुतेक वेळा सामान वाचवेल. थेट आपल्याच खांबावर पडली तर करंटला घराबाहेरून जायला वाट मिळेल, पण अँटेना आणि राउटर वाचतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून ढग भरून आले की, गडगडाट लांब असतानाच, अडॅप्टरचा प्लग आणि राउटरमधली नेटची केबल दोन्ही काढून ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही. वीज डोक्यावर आल्यावर मात्र केबलला हात लावू नका, सामान गेलं तर जाऊ दे.

खांब उभा करताना रस्त्यावरच्या लाईटच्या तारा बघा. खांब कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर असेल तरच उभा करा.

ज्यांच्या घरावर अँटेना आधीच आहे त्यांनी तीन गोष्टी बघून कार्यालयात कळवाव्यात: `Signal` चा आकडा किती, केबल एकसंध आहे की जोडाची, आणि खांबाची अर्थ तार लाईटच्या अर्थिंगला जोडलेली आहे की नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर बाकी दोन नंतर बघू. आधी वायरमनला बोलवा, मे संपायच्या आत.